‘ऊन’ची माळ कुठं तोडायची

भावा, तुझ्या संस्कृत गोष्टीच्या मराठी भाषांतराच्या मसुद्यात एका वाक्यात ‘जाऊन, करून’ असे पाच ‘ऊन’ आलेत. ‘तालमीत जाऊन, मेहनत करून, दूध पिऊन आलो’ इथवर ठीक, पुढं दम लागतो. जागा बदलली किंवा नवीन माणूस आला की पूर्णविराम दे. त्याच वाक्याचं मूळ संस्कृत बघ, खाली त्याचं मराठी कसं तोडलंय तेही बघ: ‘सार्थवाहो नगरं प्रविश्य भाण्डं विक्रीय धनमादाय निर्गत्य मार्गे चौरान् दृष्ट्वा पलायितः।’

व्यापारी शहरात शिरला. माल विकून, पैसे घेऊन तो बाहेर पडला. वाटेत चोर दिसताच पळाला.

‘प्रविश्य’, ‘निर्गत्य’ इथं सरळ भूतकाळी क्रियापदं झाली. ‘दृष्ट्वा’चं ‘पाहून’ही चाललं असतं, पण त्यात घाई उरत नाही. आणि जोडायला दरवेळी ‘मग’, ‘त्यानंतर’ घालू नकोस. क्रम तसाही कळतो.