पंचगंगेचा मोठा नकाशा ए-फोर कागदांवर छापून जोडताना

प्रश्न: माझ्याकडे प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीपर्यंतच्या पंचगंगेचा नकाशा पीडीएफमध्ये आहे, ए-वन आकाराचा. वर्गाच्या भिंतीवर लावायचाय, पण शाळेत साधा ए-फोर प्रिंटर आहे. तुकडे करून कसा छापू आणि जोडू?

उत्तर: ब्राउझरमधून छापू नका, तिथे ही सोय नसते. संगणकावर अ‍ॅडोबी रीडर असू द्या. प्रिंटच्या खिडकीत `Poster` निवडलं की रीडर स्वतःच पानाचे तुकडे पाडतो. पण लगेच कागदावर छापायची घाई नको. आधी प्रिंटर म्हणून `Microsoft Print to PDF` निवडून तुकड्यांची वेगळी पीडीएफ करून ठेवा. एखादं पान शाई फिस्कटून वाया गेलं, तर तेवढंच पुन्हा काढता येतं.

आता खरी गोष्ट `Overlap` ची, म्हणजे शेजारच्या दोन पानांवर नकाशाची जी पट्टी दोनदा येते तिची. रीडरमध्ये आधीपासून असलेला आकडा इतका लहान असतो की पट्टी जवळजवळ नसतेच. साधा प्रिंटर कागदाच्या कडेला चार-पाच मिलिमीटर छापूच शकत नाही. त्यामुळे प्रत्येक जोडावर दोन्ही पानांचं मिळून सेंटीमीटरभर चित्र गायब होतं. म्हणून तिथे 0.8 इंच, म्हणजे साधारण २० मिलिमीटर द्या. त्यातले दहा प्रिंटरच्या समासात गेले तरी चिकटवायला दहा उरतात. `Cut Marks` आणि `Labels` वरही खूण करा. लेबलमुळे कोणतं पान कितव्या ओळीत, कितव्या रकान्यात ते पानावरच छापून येतं.

कागद किती लागतील याचा हिशेब सोपा आहे. ए-फोर आडवा धरला तर २९७ बाय २१०. पहिलं पान पूर्ण मोजायचं, पुढचं प्रत्येक पान २० मिलिमीटर कमी, म्हणजे रुंदीत २७७ आणि उंचीत १९०. तुमचा नकाशा ८४१ बाय ५९४. रुंदीला तीन पानं पुरतात (८५१). उंचीला तीन पानांत ५९० होतात, म्हणजे फक्त चार मिलिमीटरसाठी चौथी ओळ लागते आणि नऊऐवजी बारा कागद! अशा वेळी `Tile Scale` १०० वरून एकेक टक्का खाली आणत शेजारच्या छोट्या चित्राकडे बघा. ९७ वर नऊ पानांत नकाशा आरामात बसायला हवा. तुमच्याकडे एखादा टक्का इकडेतिकडे होईल.

यात एक नुकसान आहे, ते मुलांना सांगितलंच पाहिजे. नकाशावर १:१,००,००० असं प्रमाण छापलेलं असेल, तर ९७ टक्क्यांवर ते साधारण १:१,०३,००० होतं आणि छापलेला आकडा खोटा ठरतो. किलोमीटरची प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच आकसते, म्हणून ती खरी राहते. आकड्यावर कागद चिकटवा आणि अंतर पट्टीवरूनच मोजायला लावा.

मग ती नऊ पानांची पीडीएफ छापा, पण `Actual size` वर. `Fit` चुकूनही नको. गेल्या वर्षी माझ्या नकाशाचं एक पान खराब झालं, म्हणून तेवढंच एका झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलं. तिथे `Fit` राहून गेलं होतं. पान पाच टक्के आकसलं. सगळीच पानं तशी आकसली असती तर नकाशा फक्त लहान झाला असता, जुळला असता. पण एकच आकसल्यामुळे जोडाच्या वरच्या टोकाला रस्ता जुळवला की खालच्या टोकाला नदी सेंटीमीटरभर बाजूला जायची. पान बदलण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून आधी प्रमाणपट्टी असलेलं एकच पान काढा आणि मोजपट्टी लावा. वरच्या प्रमाणात दहा किलोमीटरची पट्टी ९.७ सेंटीमीटर भरली पाहिजे. ९.२ भरली तर कुठेतरी `Fit` चालू आहे. मग उरलेली पानं त्याच प्रिंटरवर, त्याच गठ्ठ्यातल्या कागदावर, एका बैठकीत काढा.

जोडताना दोन्ही पानांची कड कापू नका. पहिला रकाना सोडून प्रत्येक पानाची फक्त डावी कड, आणि पहिली ओळ सोडून फक्त वरची कड खुणेवर कापा. कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि कटर बरा. कापलेली कड आधीच्या पानाच्या न कापलेल्या पट्टीवर बसवायची. आधी तीन आडव्या ओळी तयार करा, मग ओळीला ओळ जोडा. पान-पान जोडत गेलात तर पहिल्या कोपऱ्यातला अर्धा मिलिमीटरचा फरक शेवटच्या कोपऱ्यात तीनाचा होतो. पाणीदार डिंक वापरू नका, ओला कागद फुगतो आणि नदीची रेघ सरकते. कांडीचा गोंद लावा, आणि पाठीमागून जोडावर कागदी चिकटपट्टी.