सिलिकॉनच्या दूधबाटलीचा फोटो: फिकट रंग, पण खरेपणा जपून

प्रश्न: बाळाच्या मऊ सिलिकॉनच्या दूधबाटलीचा फिकट गुलाबी छटेत फोटो काढायचा आहे. ती सुरक्षित आणि खरी वाटावी, पण माझ्या फोटोत ती गढूळ गुलाबी प्लास्टिकसारखी दिसते. काय करू?

उत्तर: गुलाबी छटा दिव्याला न देता फक्त मागच्या कागदाला द्यावी, कारण सिलिकॉन अर्धपारदर्शक असल्याने आजूबाजूचा रंग त्यात झिरपतो आणि आतले दूधही गुलाबी दिसू लागते. कागद बाटलीपासून साधारण एक मीटर मागे न्यावा, दोन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे करावेत आणि मुख्य प्रकाश मागून, तिरका, पांढऱ्या पातळ कापडातून गाळून सोडावा. समोरून प्रकाश टाकल्यास पृष्ठभाग सपाट दिसतो. मागून आलेला प्रकाश मात्र बाटलीच्या भिंतीतून पार होताना कडेची जाडी दाखवतो आणि मऊपणा तिथेच जाणवतो. बाटलीशेजारी करड्या रंगाचे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स आधीच पक्का करावा.

सिलिकॉनवर धूळ हटकून चिकटते, म्हणून बाटली धुऊन, पूर्ण वाळवून, प्रत्येक फोटोआधी फुंकणीने धूळ उडवावी. कापडाने पुसल्यास तंतू उलट वाढतात.

खरेपणाची परीक्षा मोजमापाच्या खुणांवर होते. दूध १२० मिलीच्या खुणेपर्यंत भरले असेल, तर कॅमेरा त्याच उंचीवर ठेवावा. वरून टिपल्यास पातळी दुसऱ्याच खुणेशी जुळलेली भासते. साच्याची बारीक रेघ एडिटिंगमध्ये पुसू नये, कारण ती प्रत्यक्ष वस्तूवर असतेच.