'मागितल्यास डेटा देऊ' हे रिपॉझिटरीच्या जागी चालतं का?

प्रश्न: एका पेपरचा रिव्ह्यू करतोय. डेटा कुठेच ठेवलेला नाही, फक्त "वाजवी विनंती केल्यास संपर्क-लेखकाकडून मिळेल" असं लिहिलंय. हे चालवून घ्यायचं की पळवाट समजायची?

उत्तर: बहुतेक वेळा हा लंगडा पर्याय असतो. पण पळवाट ठरवण्याआधी डेटा खुला न ठेवण्याचं कारण दिलंय का, ते बघा.

लंगडा का, ते आकडेच सांगतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, डेटा द्यायची तयारी लिहून दिलेल्या 1,792 पेपरांच्या लेखकांना खरोखर डेटा मागितला गेला. उत्तर आलं 254 जणांकडून, आणि डेटा दिला 122 जणांनी, म्हणजे सुमारे 7 टक्के. सगळेच लपवाछपवी करत असतील असं नाही. ईमेल बंद पडतो, फाइल ज्याच्याकडे होती तो विद्यार्थी निघून जातो.

याहून कमी बोललं जाणारं एक दुखणं आहे. रिपॉझिटरीत डीओआय मिळालेली आवृत्ती गोठलेली असते, पुढचा बदल नवी आवृत्ती म्हणून दिसतो. दोन वर्षांनी ईमेलने आलेली फाइल मात्र विश्लेषणात वापरलेलीच आहे, की मधे कुणी चार ओळी गाळल्यात, हे ताडून बघायला काहीच नसतं.

आता कारणाकडे. समजा, 180 रुग्णांवर रक्तदाबाच्या औषधाची चाचणी आहे आणि कारण दिलंय 'गोपनीयता'. मुख्य तक्ता, समजा तक्ता 2, पुन्हा काढायला काय लागतं? गट, वय, लिंग, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब. नाव, तारखा, पत्ता काढून हे पाच स्तंभ सहसा देता येतात. (वयाऐवजी वयोगट दिला तर आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, हे सोबतच्या टिपेत असावं.) इथे नुसतं 'गोपनीयता' म्हणणं पटणारं नाही.

तेच 180 जण एखाद्या दुर्मीळ आजाराचे असतील किंवा जनुकीय डेटा असेल, तर नावं काढूनही माणूस ओळखू येऊ शकतो. तिथे खुली फाइल मागणं चूकच. पण तेव्हाही डेटाची चावी एकट्या लेखकाच्या खिशात नको. युरोपियन जीनोम-फिनोम आर्काइव्हसारख्या नियंत्रित संग्रहात तो ठेवता येतो: नोंद-क्रमांक जाहीर, अर्ज तपासते समिती. पेपरमधल्या डेटा-उपलब्धतेच्या निवेदनात अर्ज कुणाकडे करायचा, अटी कोणत्या आणि डेटा किती वर्षं राहणार, हे हवं. पीएलओएस या प्रकाशनसंस्थेच्या धोरणातही एकटा लेखक हाच संपर्क असणं चालत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये मोघम 'डेटा खुला करा' लिहू नका. 'तक्ता 2 मागची ओळख काढलेली फाइल, स्तंभांचा खुलासा आणि विश्लेषणाचा कोड द्यावा. शक्य नसल्यास नेमकं कोणत्या नियमामुळे, ते सांगावं' असं लिहा. प्रकाशनाआधी उघड करायचं नसेल तर ड्रायड किंवा फिगशेअर या रिपॉझिटरींवर रिव्ह्यूअरपुरती खासगी लिंक बनवता येते, हेही संपादकांना सुचवा. तरीही टाळाटाळ झाली, तर तक्ता 2 पडताळता आला नाही, अशी स्पष्ट नोंद करा आणि शिफारस त्यानुसार द्या.