कंटेंट पाचपैकी पाच, सहभाग दोन: आता पत्रात लिहायचं काय?

प्रश्न: मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजीचा एचओडी आहे. एका मॅडमचा तास बघितला, विषयज्ञानाला 5, विद्यार्थी सहभागाला 2 दिलेत. मॅडम सिनियर आहेत. पत्र लिहायला बसलो की 'अध्यापन अधिक रंजक करावे'च्या पुढे गाडी जातच नाही. (कॉलेज रोड)

सर, ते वाक्य आधी खोडा. हेच वाक्य मी स्वतः एका सहकाऱ्याला लिहिलं होतं, एचओडी होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. पुढच्या तासाला बिचारे ॲनिमेशनवाला पीपीटी घेऊन आले, मधे दोन विनोद केले, मुलं हसली आणि परत बाकावर रेलून बसली. त्यांचं काही चुकलं नाही, मी 'रंजक' म्हटलं त्यांनी रंजक केलं.

नंतर एका मॅडमचा परासरणाचा तास बघितला, अकरावीचा, 40 मिनिटांचा. विषय अगदी चोख, बटाट्याचा प्रयोग, हायपरटॉनिक-हायपोटॉनिक, कुठे बोट ठेवायला जागा नाही. यावेळी मी मागच्या बाकावर बसून फक्त प्रश्न मोजले. मॅडमनी 14 प्रश्न विचारले, त्यातल्या 9 प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतःच दिली, 4 ना सगळ्या वर्गाने एका सुरात 'होऽऽ मॅडम' केलं आणि एकाचं उत्तर पहिल्या बाकावरच्या मुलीने दिलं. म्हणजे बाकीच्या वर्गाला डोकं चालवायची वेळच आली नाही.

तास संपल्यावर पाच वह्या मागितल्या, आणि खरी गोष्ट तिथे दिसली. आकृती काढताना मॅडमकडून पाण्याचा बाण उलटा पडला होता, मिठाच्या पाण्याकडून बटाट्याकडे, त्यांनी तोंडाने लगेच 'इकडे नाही, बाहेर जातं' म्हणून दुरुस्त केलं पण फळ्यावरचा बाण पुसायचा राहिला. पाचपैकी चार वह्यांत बाण उलटाच. मुलं ऐकत नव्हती, उतरवून घेत होती. कंटेंटचे 5 हे मॅडमच्या तोंडून काय बाहेर पडलं त्याचे, मुलांच्या डोक्यात काय गेलं ते त्या आकड्यात येतच नाही.

मग पत्र असं लिहिलं, थोडं छोटं करून देतो:

"मॅडम, तुमचा परासरणाचा तास बघितला. बटाट्याच्या प्रयोगात विद्राव्य आणि पाणी यांचा फरक तुम्ही जसा उलगडला तसा मी स्वतः अजून शिकवलेला नाही. एक गोष्ट मोजली ती कळवतो. तुम्ही 14 प्रश्न विचारलेत, 9 ची उत्तरं तुम्हीच दिलीत, बहुतेक वेळा प्रश्नानंतर सेकंदभरातच. पाच वह्या पाहिल्या, चारमध्ये फळ्यावरचा उलटा बाण तसाच उतरलाय, तुम्ही तोंडी दुरुस्ती केली होती तरी. पुढच्या तासात एकच बदल करून बघूया: प्रयोगाचं उत्तर सांगायच्या आधी प्रत्येकाने वहीत एका ओळीत अंदाज लिहायचा, मग शेजाऱ्याला सांगायचा, मग तुम्ही कुणालाही उठवायचं. मी 15 दिवसांनी त्याच वर्गावर 10 मिनिटं येतो, तेवढंच बघेन."

कौतुकही नेमकं करा हां, 'छान शिकवता' म्हटलं की समोरच्याला कळतं पुढे 'पण' येणार. आणि बदल एकच. पत्रात सात सूचना टाकल्या तर माणूस सगळ्यात सोपी उचलतो, आणि सोपी नेहमी पीपीटीच असते.

प्रश्न: मला असंच पत्र आलंय. माझ्या तासाला मुलं एकदम शांत असतात, एक आवाज नाही. मग सहभाग कमी कसा? गोंधळ घालायला हवा का? (पंचवटी)

नाही हो, गोंधळाचे मार्क नसतात. पण शांत मूल विचार करतंय की दुपारच्या डब्याचं स्वप्न बघतंय हे बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून काहीतरी लिहून घ्यावं लागतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गातल्या तासांच्या रेकॉर्डिंग्ज ऐकून हेच मोजलं, शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, फळ्यापुढे उभं राहून बघा, तास गेल्यासारखा वाटतो. मनात 'एक गोदावरी, दोन गोदावरी, तीन गोदावरी' म्हणा, मी तसंच करायचो.

फक्त प्रश्न असा हवा की त्यावर थांबण्यात अर्थ असेल. 'कळलं का?' यावर दहा मिनिटं थांबलात तरी 'हो'च येणार. त्याऐवजी 'काकडीला मीठ लावलं की वाडग्यात पाणी साठतं, ते आलं कुठून?' विचारा. निम्मी मुलं 'मीठ विरघळून पाणी झालं' लिहितील. हे चुकीचं उत्तर हाती आलं की तास तिथून पुढे शिकवायचा, आधी ठरवलेल्या पॉइंटवरून नाही.

प्रश्न: लोकल उदाहरणं दिली की सहभाग वाढतो म्हणतात. माझ्या वर्गात निफाड-दिंडोरीची मुलं आहेत, मी अवकाळी पावसात द्राक्षाचे मणी तडकतात ते सांगितलं, तरी थंडच. (गंगापूर रोड)

उदाहरण एक नंबर आहे, पण सांगितलं तुम्हीच. ज्याच्या घरी बाग आहे त्याला मणी तडकतात हे तुमच्यापेक्षा जास्त माहितीय, त्याला माहीत नाहीये ते का. मण्यात साखर भरलेली असते, पावसाचं पाणी सालीतून आत जातं, मुळांकडूनही येतं, आत दाब वाढतो आणि साल फाटते. हे 'का' त्याच्याकडून काढायचं. विचारा की कच्चा आंबट मणी आणि काढणीला आलेला गोड मणी, पावसात आधी कुठला तडकेल आणि का, दोन मिनिटं वहीत लिहा. मागच्या बाकावरचा पोरगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो हमखास 'सर आमच्याकडे...' म्हणून उठतो. फक्त साखर हे एकच कारण नाही, पिकताना सालही बदलते, तेवढं त्याला सांगून ठेवा.

प्रश्न: 80 मुलं, सिलॅबस संपत नाही, हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? (सिन्नर)

सगळं करूच नका. एका तासात दोन वेळा, प्रत्येकी तीन मिनिटं, बास. 80 वह्या तपासायच्या नाहीत, लिहीत असताना एका रांगेतून चक्कर मारायची, उद्या दुसऱ्या रांगेतून. आणि नोट्स डिक्टेट करण्यात जातो तो वेळ आधी मोजा, ती सहा मिनिटं बहुतेक तिथेच सापडतील.

प्रश्न: पत्राची कॉपी प्राचार्यांना लावू का? (सातपूर)

पहिल्या पत्राची नको. कॉपी लागली की मॅडम पत्र वाचत नाहीत, खुलासा लिहायला घेतात. आधी समोर बसून, चहा घेत सांगा, मग पत्र द्या. दुसऱ्यांदा गेलात आणि तेव्हाही 14 पैकी 9 च असतील, तर प्राचार्यांना दाखवा, पण दोन्ही वेळचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून.