फोटोतल्या प्लॅनवरून कार्पेट एरिया

प्रश्न: बिल्डरच्या ऑफिसात टेबलावर ठेवलेल्या प्लॅनचा मोबाइलने फोटो काढला. कागदावर स्केल १:१०० लिहिलंय, पण हॉल सोडून बाकी खोल्यांची मापं वाचताच येत नाहीत. स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं तर चालेल का? कार्पेट एरिया कसा काढू?

उत्तर:

पट्टी नको. १:१०० हे प्रमाण कागदाचं आहे, फोटोचं नाही. कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले १० सेंटिमीटर, एवढंच ते सांगतं. स्क्रीनवर बोटांनी झूम केलंत की पट्टीवरचं माप बदलतं. म्हणून आधी फोटोतून कागदाकडे परत जायचं.

तुमच्या फोटोत कागदाच्या चारही कडा आल्या असतील तर काम सोपं आहे. ए४ कागद २१० × २९७ मिमी असतो. कॉम्प्युटरवर फोटो पेंटसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडा. कर्सर जिथे न्याल तिथला पिक्सेल खाली दिसतो. समजा कागदाची रुंदी २५२० पिक्सेल भरली, तर १ मिमीला १२ पिक्सेल, म्हणजे प्रत्यक्षातल्या १ मीटरला १२०. उंची ३४१५ पिक्सेल भरली, तर मीटरला ११५ येतात. दोन आकडे वेगळे आले म्हणून घाबरू नका. फोन थोडा तिरका धरला की असं होतंच. आडव्या मापांना १२० ने भागा, उभ्यांना ११५ ने. मात्र कागदाची वरची आणि खालची कड (किंवा डावी आणि उजवी) एकमेकींशी मोजून पाहा. त्यांच्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर फोटोच्या एका टोकाला मीटर मोठा आणि दुसऱ्या टोकाला लहान आहे. अशा वेळी आधी स्कॅनिंग ॲपमधून फोटो सरळ करून घ्या, नाहीतर वरून पुन्हा काढा.

आता तुम्हाला वाचता येणारं हॉलचं माप कामाला येतं. समजा ते ३.३० × ४.८० मीटर आहे. फोटोत आतल्या बाजूने हॉल ३९६ × ५५२ पिक्सेल भरला, तर ३९६ ÷ १२० = ३.३० आणि ५५२ ÷ ११५ = ४.८०. जुळलं. पण ४.८० ऐवजी ३.४० च्या आसपास आलं, तर मूळ ड्रॉइंग ए३ वर होतं आणि कुणीतरी ते ए४ वर बसवून छापलंय. तेव्हा प्रत्येक लांबी सुमारे ०.७१ पट होते, क्षेत्रफळ निम्मं होतं, आणि कोपऱ्यातलं १:१०० मात्र तसंच खोटं बोलत राहतं. मीही एकदा यात फसलोय. एवढासा फ्लॅट कसा, म्हणून अर्धा तास बेरीजच तपासत बसलो होतो! अशा कागदावर प्रमाण सोडून द्या. हॉलच्या लिहिलेल्या मापावरूनच मीटरला किती पिक्सेल ते काढा. दाराच्या रुंदीवरून अंदाज बांधू नका, बाथरूमचं दार आणि बेडरूमचं दार सारखं नसतं.

बाकीच्या खोल्या अशाच. बेडरूम ४३२ × ४१४ पिक्सेल, म्हणजे ३.६० × ३.६० मीटर, १२.९६ चौरस मीटर. स्वयंपाकघर २.५० × २.८० = ७.००. बाथरूम १.५० × २.२० = ३.३०. पॅसेज १.२० × २.०० = २.४०. हॉल १५.८४. एकूण ४१.५०. पॅसेज हमखास विसरला जातो, कारण त्यावर बऱ्याचदा नावच लिहिलेलं नसतं. हॉल एल आकाराचा असेल तर त्याचे दोन आयत करा.

मोजताना भिंतीच्या आतल्या रेषेपासून समोरच्या आतल्या रेषेपर्यंत मोजा. भिंतीच्या मध्यापासून मोजलंत आणि कागदावर फक्त १ मिमी जास्त धरला गेला, तरी हॉल ३.४० × ४.९० होतो, म्हणजे १६.६६. एका खोलीत पाच टक्के फुगले.

ही बेरीज अजून कार्पेट एरिया नाही. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. आतल्या भिंतींची एकूण लांबी १२ मीटर आणि जाडी १० सेंमी असेल तर १.२० चौरस मीटर वाढतात. एकूण ४२.७०. त्याला १०.७६४ ने गुणलं की साधारण ४६० चौरस फूट.

फोटोवरून एवढं काढल्यावर दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणारच. करारातला आकडा ४५५ असेल तर त्यावरून भांडायला जाऊ नका. ४१० असेल तर आधी बाल्कनी चुकून धरली नाही ना ते बघा, आणि मग बिल्डरकडे मापं लिहिलेला प्लॅन मागा.