आधी सगळ्या म्हणी काढा, मग एखादी परत आणा

> लेख पुन्हा लिहिताना म्हणी-वाक्प्रचार घातले की ते वरून भुरभुरवल्यासारखे दिसतात. कोणते ठेवायचे? उतारा असा: "समितीने कंबर कसून छप्पर दुरुस्तीचे काम हाती घेतले. पण संस्थेने निधी देताना हात आखडता घेतल्याने कामाचे तीन तेरा वाजले. म्हणतात ना, तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?"

या उताऱ्याचा एक खर्डा एकही म्हण किंवा वाक्प्रचार न ठेवता लिहून काढा. मग प्रत्येक शब्दप्रयोगाला एकच प्रश्न विचारा: हा गेल्यावर कोणती माहिती गेली?

"कंबर कसून" काढल्यावर काहीच जात नाही. समितीने नेमकी काय तयारी केली हे त्यात मुळातच नव्हतं. "तीन तेरा वाजले" तर उलट माहिती झाकतो. काम बंद पडलं, लांबलं की निकृष्ट झालं? समजा निम्मेच पत्रे बदलले गेले असतील, तर तेच लिहा.

"हात आखडता घेतला" मात्र ठेवण्यासारखा आहे. "कमी निधी दिला" या वाक्यातून पैसे नव्हते की असूनही दिले नाहीत, हे कळत नाही. वाक्प्रचार ते सांगतो: देता आले असते, पण दिले नाहीत. अर्थात तो आरोपही आहे. संस्थेकडे खरोखर पैसे होते, याची खात्री नसेल तर तोही काढावा लागेल.

शेवटची म्हण चुकीच्या जागी आली आहे. तिचा रोख उशिरा सुरुवात करण्यावर आहे आणि तुमचं काम अडलं ते पैशामुळे. भुरभुरवलेल्या म्हणींचं हे नेहमीचं लक्षण: विषयाच्या आसपास असतात, पण नेमक्या मुद्द्यावर बसत नाहीत. "म्हणतात ना" हे दुसरं लक्षण. म्हण वाक्यात मुरली असेल तर अशी दवंडी पिटावी लागत नाही. मग उरतं ते असं:

"समितीने छप्पर दुरुस्तीला घेतले, पण संस्थेने निधी देताना हात आखडता घेतला आणि निम्मेच पत्रे बदलले गेले."

एवढ्या मजकुरात एक पुरतो. तीनशे शब्दांच्या लेखात मी दोनपुढे जात नाही, आणि ते दोन्ही एकाच परिच्छेदात येऊ देत नाही. तुमच्या उताऱ्यात कंबर आणि हात लागोपाठ आले, त्यामुळे एरवी नजरेत न भरणारे शब्दशः अर्थही जागे झाले.

वाक्प्रचार क्रियापदासारखा चालतो, काळ आणि लिंग-वचन घेतो, म्हणून तो सहज मिसळतो. म्हण हे पूर्ण वाक्य असतं; परिच्छेदाच्या शेवटी ठेवली की ती निकाल दिल्यासारखी वाजते, आणि तो निकाल वाचकाने आधीच काढलेला असतो. म्हण हवीच असेल तर ती अर्धी मोडून वाक्याच्या आत घ्या. "नाचता येईना अंगण वाकडे" पूर्ण लिहिण्याऐवजी "कंत्राटदार अंगणालाच दोष देत राहिला" एवढं पुरे. उरलेला अर्धा भाग वाचक स्वतः जोडतो. मात्र म्हण सर्वांना पाठ असलेली हवी, नाहीतर हे अंगण कुठून आलं, असा प्रश्न त्याला पडेल.