इंटर्नशिपचं साप्ताहिक लॉगबुक कसं लिहावं?

"इंजिनिअरिंगची सक्तीची इंटर्नशिप सुरू झालीय. लॉगबुक विद्यापीठात नाकारलं जाऊ नये म्हणून दर आठवड्याला नेमकं काय लिहू?"

आधी कॉलेजकडून छापील नमुना घ्या. नोंद मात्र रोज संध्याकाळी दोन-तीन ओळींची करा आणि शनिवारी त्यावरून आठवड्याचं पान भरा.

"सीएनसी विभागात काम पाहिलं" एवढंच लिहिलं तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो. त्याऐवजी असं लिहा: "25 मिमीच्या 20 शाफ्ट मायक्रोमीटरने मोजल्या. वरची मर्यादा 25.02, पण 6 शाफ्ट 25.03 भरल्या. इन्सर्ट झिजल्याने व्यास वाढत होता. ऑपरेटरने ऑफसेट 0.02 ने कमी केला, पुढच्या पाच मर्यादेत आल्या." यात तुम्ही काय केलं, काय बिघडलं आणि का, हे सगळं दिसतं.

सुपरवायझरची तारखेसह सही त्याच आठवड्यात घ्या. शेवटी एकदम घेतलेल्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या दिसतात आणि परीक्षकाला लगेच शंका येते. एआयसीटीईच्या मार्गदर्शक सूचनांत तर डायरीवर रोज सही अपेक्षित आहे. कॉलेजचे मेंटर भेटीला आले की त्यांचीही त्याच दिवशी घ्या.

तारखा हजेरीपत्रकाशी ताडून बघा. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला "काम केलं" अशी नोंद हमखास पकडली जाते. आणि कंपनीचं ड्रॉइंग परवानगीशिवाय चिकटवू नका, हाताने साधी आकृती काढा.